पाळी आलेली नाही, तरी दर महिन्याला कळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलींच्या पाळीतल्या पोटदुखीवर आपल्या पुरवणीत अधूनमधून येतं, ते मी आवर्जून वाचते. पण पाळी सुरूच झालेली नाही आणि पोट मात्र दर महिन्याला दुखतं, अशाही मुली असतात. त्यांच्याबद्दल कुठेच वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र. मी सरकारी रुग्णालयात स्त्रियांच्या वॉर्डात परिचारिका आणि पुढे परिसेविका म्हणून नोकरी केली. तरीही माझ्या सख्ख्या भाचीचं दुखणं ओळखायला आमच्या घराला चार महिने लागले.

भाची साडेतेरा वर्षांची, आठवीत. अंगाने भरली होती, उंचीही वाढली होती, पाळी तेवढी आली नव्हती. बहीण म्हणायची, येईल सावकाश, आपल्याकडे उशिराच येते. जूनमध्ये एकदा ओटीपोटात दुखलं. बाहेरचं खाल्लं असेल म्हणून जंताचं औषध झालं, पाच-सहा दिवसांत थांबलं. जुलैत दुखलं तेव्हा लघवीची जळजळ सांगितली, त्यावर प्रतिजैविकं झाली. ऑगस्टमध्ये अपेंडिक्सची शंका आली. औषध संपेपर्यंत दुखणं ओसरायचं आणि गुण औषधाला मिळायचा. सप्टेंबरात तर एका रात्री लघवीच होईना. एका खासगी दवाखान्यात नळी घालून जवळजवळ लिटरभर लघवी काढली, खडा असेल म्हणाले आणि घरी पाठवलं. तिथे बहिणीला बाहेर काढून, पोटात गोळा लागतोय म्हणून मुलीला भलतेसलते प्रश्न विचारले. गर्भाची तपासणी करणं डॉक्टरांचं कामच आहे, त्याला माझी हरकत नाही. पण ज्या सुरात विचारलं, त्याने पोरगी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. आणि एवढं विचारूनही, जिथे पाहायला हवं होतं तिथे कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी लघवी पुन्हा तुंबली, तेव्हा मी गेले. स्वयंपाकघरात कॅलेंडर होतं. बहीण त्यावर दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, सगळं मांडून ठेवते. त्यातच पेन्सिलीने ‘शाळा नाही’ असं लिहिलेलं दिसलं. १४ जून, १२ जुलै, ९ ऑगस्ट, ६ सप्टेंबर. मी बोटावर दिवस मोजले. प्रत्येक वेळी बरोबर २८. खडा काही तारखा पाळून दुखत नाही.

भाचीला विचारून, आईला जवळ बसवून, मी उजेडात फक्त बाहेरून पाहिलं. योनीच्या तोंडाशी निळसर, ताणलेला पडदा फुगून आला होता. मुलीला खोकायला सांगितलं की तो आणखी पुढे येई. पाळी जूनपासून येतच होती, तिला बाहेर पडायला वाट नव्हती.

योनीच्या तोंडाशी एक पातळ पडदा असतो आणि त्याला जन्मतःच छिद्र असतं. हजार-दोन हजार मुलींमागे एखादीच्या पडद्याला ते पडतच नाही. गर्भपिशवी आणि अंडाशय चांगले असतात, म्हणून छाती वाढते, केस येतात, सगळं वेळेवर होतं. दर महिन्याचं रक्त मात्र आत साठतं. योनीमार्ग फुग्यासारखा ताणतो, पुढच्या मूत्रमार्गाला दाबतो म्हणून लघवी अडते, आणि मागे दाबतो म्हणून बद्धकोष्ठ होतो, कंबर भरून येते. साठलेल्या रक्तातलं थोडं पाणी शरीर शोषून घेतं, म्हणून मधले दिवस बरे जातात आणि घरचे गाफील राहतात. पुढे पुढे दुखणं रोजचंच होतं.

सोनोग्राफीत साठा स्पष्ट दिसला. स्त्रीरोगतज्ज्ञांनी भूल देऊन पडदा छेदला. काळपट, पाकासारखं घट्ट रक्त सहाशे मिलीच्या आसपास निघालं. वाट पुन्हा बुजू नये म्हणून कडांना टाके घातले. दुसऱ्या दिवशी मुलगी घरी आली आणि महिन्याने तिला पाळी आली. या शस्त्रक्रियेऐवजी कुणी ‘नुसती सुई घालून रक्त काढू’ म्हणालं तर ऐकू नये. घट्ट रक्त सुईतून पुरतं येत नाही, भोक बुजतं आणि सुईबरोबर जंतू आत गेले तर त्या रक्ताचा पू होतो.

आमच्या आईला एकच काळजी होती, पडदा कापला तर लग्नाचं काय? तिला मी सांगितलं, इतर मुलींना जी वाट जन्मतः असते तीच डॉक्टरांनी करून दिली, यात मुलीचं काही गेलेलं नाही. पण हे न करता दिवस काढले तर रक्त नळ्यांतून उलटं पोटात जातं, तिथे रुजतं, आणि पुढे पाळीचं दुखणं व मूल होण्यातली अडचण मागे लागू शकते.

एक गोष्ट मात्र वेगळी सांगायला हवी. बाहेरून सगळं ठीक दिसलं म्हणजे वाट मोकळी आहे असं नाही. काही मुलींमध्ये, याहून खूपच कमी, योनीमार्गात वर आडवा पडदा असतो. तिथे निळसर फुगवटा दिसत नाही, कळा मात्र तशाच महिन्याच्या महिन्याला येतात. पडदा किती जाड आणि किती वर आहे हे एमआरआयमध्ये कळतं. जाड पडद्याची शस्त्रक्रिया अवघड असते, जागा आखडून पुन्हा अरुंद होते आणि पहिल्या शस्त्रक्रियेतच सर्वांत चांगली संधी असते. म्हणून तिथे मिळेल तिथे घाईने छेद देऊ नये. लघवी अडली असेल तर नळी घालावी, गोळ्यांनी पाळी थांबवून ठेवावी आणि अशा शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्यावं.

पंधरा वर्षांपर्यंत पाळीची वाट पाहायला हरकत नाही, हे खरं आहे. ते न दुखणाऱ्या मुलीसाठी. महिन्याच्या अंतराने दोनदा दुखलं आणि पाळी नाही, तर थांबू नये.

आता मुद्द्याची विनंती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत येतात, मुलींना पाळी लांबली का, पाळीत दुखतं का, असं विचारतात. माझ्या भाचीला कुणी ‘पाळीत दुखतं का’ विचारलं असतं, तर ती खरं तेच बोलली असती, ‘नाही’. तिला पाळीच नव्हती. म्हणून पथकातल्या डॉक्टरांनी आणि वर्गशिक्षिकांनी एक प्रश्न जास्तीचा विचारावा: पाळी आलेली नाही, पण दर महिन्याला पोट दुखून शाळा बुडते का? हजेरीपटावर ते सापडतं. आठवी-नववीतल्या मुलींचे खाडे महिन्यांवर महिने मांडून पाहायला अर्धा तास पुरतो.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका, जि. सांगली