‘तिच्या भल्यासाठी’, पण तिला न विचारता

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतील ज्येष्ठ शल्यविशारदांचा लेख वाचला. लेखकांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे आणि त्यांचे मराठीही नेटके आहे, म्हणून लेख शेवटपर्यंत वाचून झाला. नंतर मात्र रात्री झोप लागली नाही. घाबरलेल्या रुग्णाला प्रत्येक गोष्ट विचारत बसणे ही त्याच्यावरची दया नसून क्रूरता आहे, आणि जाणत्या डॉक्टरांनी घरच्या शहाण्या माणसाशी बोलून निर्णय घ्यावा, हे आपल्या समाजाला धरून आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी दिलेल्या उदाहरणांतले सगळे रुग्ण शेवटी डॉक्टरांचे आभार मानतात. आभार न मानणाऱ्या एका रुग्णाबद्दल लिहिण्याची परवानगी असावी.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. सत्तरी ओलांडल्यावर तिच्या स्तनात गाठ लागली. शस्त्रक्रियेआधी सुईने तुकडा काढून तपासला असता तर निदान आधीच हाती आले असते; ते का केले नाही याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही. फक्त गाठ काढायची, ती तपासायची आणि पुढचे नंतर ठरवायचे, एवढ्यालाच अक्काने होकार दिला होता आणि तसे डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने सांगितलेही होते. शस्त्रक्रिया चालू असतानाच गाठीचा तुकडा गोठवून, त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. ही तपासणी अर्ध्या तासाच्या आत होते. कर्करोग निघाला. डॉक्टर थिएटरच्या दारात आले, माझ्या भाच्याला बाजूला घेतले, छापील कागदावर त्याची सही घेतली आणि आत जाऊन संपूर्ण स्तन काढून टाकला. मी त्याच बाकावर बसलो होतो. ‘मामा, डॉक्टर म्हणाले आत्ताच केलेले बरे, तिला दुसऱ्यांदा भूल नको,’ असे भाचा म्हणाला, तोवर दार बंद झाले होते.

डॉक्टरांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. शस्त्रक्रिया उत्तम झाली, जखम स्वच्छ भरली. त्यांची कारणेही पोकळ नव्हती. फक्त गाठ काढून स्तन राखला तर त्यानंतर सहसा किरणोपचार घ्यावे लागतात, त्यासाठी आठवडेच्या आठवडे मोठ्या शहरात खेपा घालाव्या लागतात, आणि या वयाच्या बाईला ते झेपणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. पण आजार लवकर सापडला असेल तर गाठ काढून किरणोपचार घेणाऱ्या आणि संपूर्ण स्तन काढणाऱ्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक पडत नाही, हे इटलीत आणि अमेरिकेत झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांच्या वीस वर्षांच्या निष्कर्षांतून 2002 मध्येच प्रसिद्ध झाले आहे. म्हणजे इथे एक बरोबर आणि एक चूक असे दोन मार्ग नव्हते. एका मार्गात प्रवासाचा त्रास होता आणि दुसऱ्यात शरीराचा एक भाग कायमचा जाणार होता. यातले कोणते दुःख पत्करायचे हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा नाही. ज्याचे शरीर त्याचा आहे. अक्का मला पुढे म्हणाली, ‘कदाचित मीही तेच सांगितलं असतं. पण मला उठू द्यायचं होतं.’

लेखकमहोदयांनी कायद्याचा उल्लेख ‘हल्लीची कोर्टबाजी’ अशा दोन शब्दांत उरकला आहे. मी जिल्हा न्यायालयाच्या कार्यालयात नोकरी केली असल्यामुळे ते दोन शब्द मला जरा लागले. सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 2008 रोजी समीरा कोहली यांच्या प्रकरणात दिलेला निकाल त्यांनी वाचला नसेल, असे मानण्यातच त्यांचा मान राहतो. मे 1995 मध्ये चव्वेचाळीस वर्षांच्या या अविवाहित बाई दीर्घ रक्तस्रावाची तक्रार घेऊन दिल्लीतील एका डॉक्टरांकडे गेल्या. निदानासाठी दुर्बिणीतून तपासणी करायची आणि गरज पडली तर पोट उघडायचे, अशा मजकुरावर त्यांची सही होती. त्या भुलेखाली असताना डॉक्टरांच्या सहायकाने बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेतली आणि आत गर्भाशय, दोन्ही अंडाशये व बीजवाहिन्या काढल्या गेल्या. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तक्रार फेटाळली होती. सर्वोच्च न्यायालयाने मात्र म्हटले की निदानासाठीची संमती ही उपचाराची संमती होत नाही, आणि सज्ञान, समजत्या व्यक्तीच्या वतीने तिची आई संमती देऊ शकत नाही. रुग्ण तात्पुरती बेशुद्ध होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता, तेव्हा तिला शुद्धीवर येऊ देऊन विचारायला हवे होते.

यातला सर्वांत महत्त्वाचा भाग भरपाईच्या रकमेत आहे. बाईंनी पंचवीस लाख मागितले होते. न्यायालयाने डॉक्टरांना शस्त्रक्रियेची फी नाकारली आणि वर फक्त पंचवीस हजार द्यायला लावले. इतके कमी का, तर डॉक्टरांनी सद्भावनेने आणि रुग्णाच्या हितासाठी उपचार केले हे न्यायालयाला मान्य होते. तरीही विनासंमती झालेली ती शस्त्रक्रिया शरीरावरचे आक्रमण ठरली. म्हणजे हेतू चांगला, तरी कृत्य गैर, हे दोन्ही एकाच निकालात आहे. लेखकमहोदयांचा सगळा लेख हेतू चांगला असल्याचे सिद्ध करण्यात खर्ची पडला आहे, आणि त्याबद्दल तर कोणाचीच तक्रार नाही. (निकालाचे कौतुक करताना एक खंतही नोंदवतो. रुग्णाला किती माहिती द्यायची याचे माप न्यायालयाने अमेरिकेसारखे रुग्णाच्या गरजेवर न ठेवता वैद्यकीय व्यवसायात रूढ असलेल्या पद्धतीवरच ठेवले. तेवढी वाट डॉक्टरांना मोकळी राहिली.)

आता दुसरी बाजू, कारण माणसाला कधीच अडवू नये असे मी म्हणत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या रात्री अक्का बरळू लागली. ती शाळेत आहे असे तिला वाटत होते, वर्गात मुले खोळंबली आहेत म्हणून ती उठून निघाली आणि जखमेतली नळी ओढू लागली. रक्तातले सोडियम उतरले होते. परिचारिकेने आणि मी मिळून तिचे हात धरले, मग हातांना पट्ट्या गुंडाळल्या. ती ‘मला सोडा’ म्हणत होती आणि आम्ही सोडले नाही. याबद्दल माझ्या मनात तीळमात्र शंका नाही आणि अक्कालाही राग नाही. तिला कुठे आहोत हे सांगता येत नव्हते, एका वाक्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत लक्ष टिकत नव्हते, संध्याकाळी नीट बोलणारी बाई रात्री ओळखू येत नव्हती. असे तासातासाला बदलणारे भान हीच या भ्रमाची खूण असते. शिवाय नळी ओढली गेली असती तर सकाळपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता, आणि पट्ट्या सकाळी सोडता येणार होत्या. सलाइनमधून सोडियम सावरले, अक्का भानावर आली, आणि पुढचे सगळे तिला विचारून झाले.

पण नंतर भाच्याने संमतीचा विषय काढला तेव्हा डॉक्टर काय म्हणाले असतील? ‘त्या रात्रीची अवस्था पाहिलीत ना, यांना काय विचारणार होतो?’ शस्त्रक्रियेआधी तीन फॉर्म स्वतः वाचून, त्यातली एक चूक दुरुस्त करून सही करणाऱ्या बाईची क्षमता तिच्या नंतरच्या भ्रमावरून मोजली गेली. निर्णयक्षमता ही त्या वेळेपुरती आणि त्या निर्णयापुरती पाहायची असते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे चौथे कलम तर मानसिक आजार असलेल्या व्यक्तीबद्दलही हेच धरून चालते, आणि पुढे सांगते की एखाद्याचा निर्णय इतरांना अयोग्य किंवा चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याला क्षमता नाही असे ठरत नाही. जी मोकळीक कायद्याने मनोरुग्णालाही दिली, ती शुद्धीतल्या मुख्याध्यापिकेला नाकारायची म्हणजे कमाल आहे.

1860 च्या दंडसंहितेत ब्याण्णवाव्या कलमाखाली एक दाखला होता. घोड्यावरून पडून बेशुद्ध झालेल्या माणसाच्या कवटीला छिद्र पाडण्याची गरज शल्यविशारदाला दिसते, आणि तो माणूस स्वतः विचार करण्याच्या स्थितीत येण्यापूर्वीच त्याच्या हितासाठी तो ते करतो. हा गुन्हा नाही. इंग्रज कायदेपंडितांनी उदाहरण विचारपूर्वक निवडले होते: माणूस बेशुद्ध आहे आणि वाट पाहिली तर मरेल. अक्काही बेशुद्धच होती, पण डॉक्टरांनीच दिलेल्या भुलेमुळे, आणि दुपारपर्यंत जागी होणार होती. तिची गाठ दुपारपर्यंत कुठे पळून जाणार होती?

राहिला ‘आपल्याकडे निर्णय कुटुंब घेते’ हा मुद्दा. घेते, आणि काही माणसांना ते हवेही असते. आमच्या शेजारच्या आजोबांनी डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगितले होते की मला काही सांगू नका, मुलीला सांगा, ती म्हणेल ते करा. डॉक्टरांनी तसेच केले आणि योग्यच केले, कारण तो निर्णय आजोबांचा होता. अक्कालाही आदल्या दिवशी एवढेच विचारता आले असते: आत कर्करोग निघाला तर लगेच पुढची शस्त्रक्रिया करू, की तुम्हाला उठवून सांगू, की मुलावर सोडू? दोन मिनिटांचे काम होते. भाच्याला मी दोष देत नाही. हिरव्या गाऊनमधला डॉक्टर दारात उभा राहून ‘लवकर सांगा’ म्हणतो तेव्हा कोणता मुलगा नाही म्हणेल?

जाता जाता, त्या दिवशी भाच्याने सही केलेला कागद इंग्रजीत होता. पुण्यामुंबईकडच्या वाचकांना याचे काही वाटणार नाही, पण आमच्याकडे रुग्णाला गावाहून आणणारा नातेवाईक बहुधा तो वाचू शकत नाही आणि ‘इथे, इथे आणि इथे’ एवढे ऐकून सही करतो. आणि संपादकमहोदय, ज्या पानावर रुग्णाच्या हिताचा हा लेख छापला, त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात एका खासगी रुग्णालयाची जाहिरात होती. पुढच्या आठवड्यात लेखाचा दुसरा भाग येणार असल्याचे आपण कळवले आहे. त्यात लेखकांनी एवढे सांगावे, की भुलेतून रुग्ण जागा होईपर्यंत थांबल्याने रुग्णाचे नुकसान झाले, असा त्यांचा स्वतःचा एक तरी अनुभव आहे का? जाहिरातीतून उरलेल्या जागेत ते उत्तर मावेल.

आपला नियमित वाचक,
सातारा