महापूर आमच्या घरात आला, निमित्त बिल्डरला मिळालं

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरच्या शाहूपुरीत, कुंभार गल्लीत भाड्याच्या घरात राहतो आणि शिरोलीच्या एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. आपल्याला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. गेल्या महिन्यात बिल्डरचं रजिस्टर्ड पत्र आलं आणि त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितो आहे.

पत्रात लिहिलंय की माझ्या फ्लॅटचा ताबा ३१ डिसेंबर २०२४ ऐवजी ३० जून २०२६ ला मिळेल. उशीर 'फोर्स मेजर'मुळे, म्हणजे माणसाच्या हाताबाहेरच्या आपत्तीमुळे झाला आहे, त्यामुळे करारानुसार कोणतंही व्याज देय नाही. कारणं तीन. जुलै २०२४ चा पूर, लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांची आचारसंहिता, आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळायला लागणारा वेळ. प्रत्येकी सहा महिने. तीन सक अठरा! फौंड्रीत आम्ही एखाद्या गिऱ्हाईकाला असा हिशेब लिहून दिला असता तर त्यानं ऑर्डर तिथल्या तिथं परत घेतली असती.

साहेब, पूर काय असतो ते मला पत्रातून कळायची गरज नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा माझ्या आईला बोटीतून बाहेर काढावं लागलं. तिचं वय तेव्हा ७५ होतं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. दोन्ही वेळी फ्रिज, गाद्या, मुलीची पुस्तकं, सगळं चिखलात. त्यानंतर घरात एकच गोष्ट ठरली, उंचावर जायचं. म्हणून पाचगावच्या माळावरचा, आर. के. नगरकडचा फ्लॅट बघितला. ४० लाखांचा. तिथं पंचगंगेचं पाणी चढायचं झालं तर आधी अख्खं कोल्हापूर बुडायला हवं. पुरातून सुटायला घेतलेल्या घराचा ताबा पुराचं कारण सांगून अडवलाय, आणि हे वाक्य आईला कसं समजावून सांगायचं ते मला अजून जमलेलं नाही.

आता कायदा. मी वकील नाही, पण गेले दहा दिवस रात्री जागून वाचतो आहे. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा रेरा कायदा २०१६, कलम ६. त्यात फोर्स मेजर म्हणजे काय ते स्पष्ट लिहिलंय : युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा निसर्गानं आणलेली अशीच दुसरी आपत्ती. यादी इथं संपते. आणि पुढे एक अट आहे, जी सगळे बिल्डर वाचायची विसरतात. त्या आपत्तीचा प्रकल्पाच्या नियमित कामावर परिणाम झालेला असला पाहिजे. म्हणजे जिल्ह्यात पूर आला एवढं पुरेसं नाही. त्या साइटवरचं काम त्या पुरामुळे थांबलं का आणि किती दिवस थांबलं, हे दाखवायला लागतं.

दाखवायचं कसं? मी फौंड्रीतला माणूस. आमच्याकडे प्रत्येक हीटची नोंद असते, भट्टी किती वाजता चालू झाली, किती वाजता बंद, कोण हजर होतं. साइटवरही रोजची नोंदवही असते. ती मी मागितली, दिली नाही. मग माझ्याच फाइलमध्ये उत्तर सापडलं. बिल्डर प्रत्येक स्लॅब पडला की पैशांची मागणी करणारं पत्र पाठवतो. तिसऱ्या स्लॅबचं पत्र १२ जुलै २०२४ चं आहे, चौथ्याचं ६ ऑगस्ट २०२४ चं. मधे २५ दिवस. एक स्लॅब टाकून, क्युरिंग करून, पुढचं सेंट्रिंग उभं करायला साधारण इतकेच दिवस लागतात. पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली ती याच मधल्या दिवसांत, जुलैच्या शेवटी. आम्ही सामान माळ्यावर चढवत होतो तेव्हा माळावर आमचा स्लॅब ओतला जात होता. पैसे घेताना काम चालू होतं आणि ताबा द्यायच्या वेळी तेच काम पुरानं बंद पडलं होतं, या दोन्ही गोष्टी एकाच लेटरहेडवर लिहिलेल्या आहेत.

मी आडमुठा नाही. त्या पावसात वाळूचे डंपर अडकले असतील, गावाकडचे मजूर परतले नसतील. पंधरा दिवस मी हसत सोडले असते. ताबा १५ जानेवारी २०२५ ला दिला असता तर मी पेढे घेऊन गेलो असतो. पण पंधरा दिवसांचे सहा महिने कोणत्या पंचांगात होतात?

आचारसंहितेचं कारण तर हद्द आहे. आचारसंहिता नवीन शासकीय घोषणांना आणि उद्घाटनांना लागते. खासगी इमारतीचं प्लास्टर करायला निवडणूक आयोगाची परवानगी लागत नाही. आणि भोगवट्याबद्दल मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं की बिल्डरचा भोगवट्याचा अर्जच दाखल झालेला नाही. मग न केलेल्या अर्जाला उशीर कोणी केला?

हे सगळं बिल्डरला लिहिता आलं ते करारातल्या एका कलमामुळे, आणि इथंच आपला संबंध येतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांसोबत जो नमुना करार दिला आहे, त्याच्या कलम ६ मध्ये मुदतवाढीची दोन कारणं आहेत. पहिलं, युद्ध, नागरी अशांतता, दैवी आपत्ती. दुसरं, सरकारची किंवा सक्षम प्राधिकरणाची किंवा न्यायालयाची कोणतीही नोटीस, आदेश, नियम, अधिसूचना. हे दुसरं कारण संसदेच्या कायद्यातल्या व्याख्येत नाही, ते आपल्या राज्यानं घातलं. त्यात एक साधी अट नाही, की तो आदेश बिल्डरच्याच चुकीमुळे निघालेला नसावा. उद्या विनापरवाना खोदकाम केलं म्हणून काम बंद करायची नोटीस आली, तर तीसुद्धा आपत्ती म्हणून माझ्यासमोर ठेवता येईल. वाद घालून मी जिंकेन कदाचित, पण तो वाद मी का घालायचा?

डिसेंबर २०२२ मध्ये महारेरानं, म्हणजे रेरा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, आदेश काढला की करारातलं फोर्स मेजरचं कलम बदलता येणार नाही. चांगली गोष्ट. माझा करार फेब्रुवारी २०२३ चा, म्हणजे त्या आदेशानंतरचा. बिल्डरनं कलम ६ ला हात लावला नाही. त्यानं मागं, 'सर्वसाधारण' या मथळ्याखाली कलम ३१ मध्ये लिहून ठेवलं : मजुरांचा किंवा साहित्याचा तुटवडा, आचारसंहिता, परवानग्यांना लागणारा वेळ, 'किंवा प्रवर्तकाच्या नियंत्रणाबाहेरील इतर कोणतेही कारण'. पुढचं दार बंद आणि मागचं उघडं. नोंदणी कार्यालयात आम्ही सगळ्या पानांवर सह्या केल्या. शासनानं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्याच दिवशी घेतली. कलम ३१ कोणी वाचलं नाही, ना मी, ना ज्यांचं काम वाचायचं आहे त्यांनी. माझ्याकडून चूक झाली हे मान्य. पण मी एकदा चुकलो, यंत्रणा प्रत्येक करारात चुकते आहे.

न्यायालयांनी काय म्हटलंय तेही सांगतो, कारण बिल्डरच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात सांगितलं की उशीर करारातल्या तारखेपासून मोजायचा, रेरा करार नव्यानं लिहीत नाही. म्हणजे बिल्डरनं पोर्टलवर नवी तारीख टाकली म्हणून माझी तारीख सरकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात आणखी पुढं जाऊन म्हटलं की रेराच्या कलम १८ खाली पैसे परत मागायचा ग्राहकाचा हक्क अनपेक्षित घटनांवर किंवा न्यायालयाच्या स्थगितीवर अवलंबून नाही, आणि ज्याला फ्लॅटच हवा आहे त्याला ताबा मिळेपर्यंत उशिराचं व्याज मिळालं पाहिजे. कोरोनाच्या वेळी मुदतवाढ दिली ती महारेरानं, जाहीर आदेश काढून, सगळ्यांना सारखी. कोणा बिल्डरनं घरी बसून स्वतःला दिली नव्हती.

मला फ्लॅटच हवा आहे. मी ८५ टक्के म्हणजे ३४ लाख भरलेत. व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा, म्हणजे कर्जाच्या आधारदरापेक्षा, दोन टक्के जास्त. अंदाजे ११ टक्के धरले तर महिन्याला ३१ हजार होतात, दहा महिन्यांचे तीन लाख दहा हजारांच्या वर. आमच्या इमारतीत २८ फ्लॅट आहेत. सगळ्यांचं धरलं तर महिन्याला पावणेनऊ लाखांच्या घरात जातं. हे पैसे वाचवायला 'आपत्ती' लागते, दुसरं काही कारण मला दिसत नाही.

आणि माझ्या घरचं? २४ लाखांचं कर्ज, २० हजार ८०० चा हप्ता, वर ११ हजार भाडं. मुलीला आर. के. नगरजवळच्या शाळेत घातलं, जानेवारीत तिथं जाणार म्हणून. ती रोज दोन बस बदलून जाते. डिसेंबर २०२४ मध्ये बांधलेली भांड्यांची पोती अजून सुटलेली नाहीत. २०२४ मध्ये पाण्यामुळे माझा पगार कापला गेला, तेव्हा बँकेनं मला विचारलं नाही की तुमच्या घरी पूर आलाय का. हप्ता गेला नाही तर दंड, एवढंच. माझ्या करारात माझ्यासाठी आपत्तीचं एकही कलम नाही. फक्त पैसे घेणाऱ्यासाठी निसर्ग कोपतो का?

मी महारेराकडे तक्रार करणार आहेच. पण ज्यांनी तक्रार जिंकली त्यांचं काय झालं ते मला लोकांनी सांगितलंय. वसुलीचं वॉरंट निघतं, ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखं जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, आणि तिथं फाइल झोपते. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढवायला जी यंत्रणा एका दिवसात जागी होते, ती बिल्डरच्या जागेवर जप्ती आणायला का जागी होत नाही? कायदे करणारे तुम्ही, नमुने छापणारे तुम्ही, शुल्क घेणारे तुम्ही. मग वसुलीच्या वेळी मी एकटा कसा?

साहेब, माझं मागणं मोठं नाही. नमुना कराराच्या कलम ६ मधल्या दुसऱ्या कारणापुढं एवढं जोडा की तो आदेश प्रवर्तकाच्या चुकीमुळे निघालेला नसावा. मागच्या पानांवर लपवलेलं असं कोणतंही कलम असलेला करार नोंदणीला आला तर तो परत पाठवायची सूचना द्या. आणि ज्याला आपत्तीचं कारण द्यायचं आहे त्यानं ती आपत्ती आल्यापासून महिन्याच्या आत, साइटच्या नोंदवहीच्या पानांसह, पोर्टलवर सांगावं. दीड वर्षानं आठवलेली आपत्ती धरू नये.

माझ्या स्लॅबच्या दोन्ही मागणीपत्रांच्या, कलम ३१ च्या आणि माहिती अधिकारातल्या उत्तराच्या प्रती या पत्रासोबत जोडल्या आहेत. पुढच्या पावसाळ्यापूर्वी उत्तर यावं, कारण जूनमध्ये आईला पुन्हा पहिल्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे न्यावं लागेल.

आपला,
एक सदनिका खरेदीदार
कुंभार गल्ली, शाहूपुरी, कोल्हापूर