‘खोटी कागदपत्रे’ असं लिहिण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत बोगस अनुभव प्रमाणपत्रांवरचा लेख वाचला. असली प्रमाणपत्रं विकणाऱ्यांबद्दल त्यात जे लिहिलं आहे ते खरं आहे, आणि ते लिहायलाच हवं होतं. माझा राग आहे तो लेखाखालच्या चौकटीवर. पडताळणीत उमेदवार नापास झाला की कंपनीने ‘खोटी कागदपत्रे सादर केल्यामुळे आपली ऑफर रद्द करण्यात येत आहे’ एवढी एक ओळ पाठवावी, जास्त पत्रव्यवहार करू नये, असा सल्ला तुम्ही छापलात. कार्मिक खात्यात मी सगळी नोकरी काढली. ऑफर मागे घेणारी पत्रं मी स्वतः लिहिली आहेत. अशी ओळ कुठल्याही शहाण्या अधिकाऱ्याने सहीसाठी पुढे ठेवू नये. पण ती ठेवली जाते, आणि तिच्यावर सह्याही होतात, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे.

माझ्या भाचीला हिंजवडीतल्या एका कंपनीची ऑफर आली होती. एका कन्सल्टन्सीमार्फत. तिने हातातल्या नोकरीचा राजीनामा दिला, नोटिशीचा काळ पूर्ण केला, रिलीव्हिंग लेटर घेतलं. रुजू व्हायच्या आदल्या आठवड्यात चार ओळींचा मेल आला, त्यात तुमच्या चौकटीतलं हेच वाक्य, आणि मेलची प्रत कन्सल्टन्सीला.

घडलं होतं ते असं. २०१९ ते २०२१ या काळात ती पुण्यातल्या एका मोठ्या कारखान्यात काम करायची. टेबल तिथलं, साहेब तिथले, गेटपासवर नाव त्या कारखान्याचं. पगार मात्र मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून व्हायचा. पीएफ त्यानेच भरला, फॉर्म १६ त्याचाच. भाचीने अर्जात ‘नियोक्ता’ या रकान्यात कारखान्याचं नाव लिहिलं, कारण ती रोज तिथेच जात होती. पडताळणी करणाऱ्या एजन्सीने कारखान्याच्या एचआरला मेल केला. त्यांनी आपल्या नोंदी पाहून कळवलं, या नावाची कर्मचारी आमच्याकडे नव्हती. तेही खरंच. एजन्सीने यूएएनवरचा पीएफचा इतिहास पाहिला, तर त्यात भलतंच आस्थापनेचं नाव. अहवालात त्या नोकरीपुढे लाल खूण झाली. मुलगी खरं बोलली, कारखाना खरं बोलला, एजन्सीने दिसलं ते लिहिलं, आणि तरी शेवटच्या पत्रात ती बनावट कागद देणारी ठरली.

एवढं सरळ करायला कंत्राटदाराचं नेमणूकपत्र, त्याच्या पगाराच्या स्लिपा, बँकेचा उतारा आणि फॉर्म १६ पुरेसा होता. हे सगळं तिच्याकडे होतं. कोणी मागितलंच नाही. तिने आपणहून पाठवलं तेव्हा उत्तर आलं की जागा भरली.

पडताळणीच्या अहवालात दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. एक, माहिती जुळली नाही किंवा तिची पुष्टीच मिळाली नाही. दुसरी, कागद बनावट असल्याचं तो देणाऱ्या संस्थेनेच लेखी कळवलं. पहिल्या प्रकाराची कारणं पुष्कळ असतात. जुनी कंपनी बंद पडलेली असते. लग्नानंतर नाव बदललेलं असतं. विद्यापीठाचं उत्तर वेळेत येत नाही. आधीच्या मालकाने पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नसते, आणि माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी करत होता असं दिसतं. (ही तारीख शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की सभासदाला स्वतः यूएएनच्या पोर्टलवर भरता येते. नोकरी बदलणाऱ्या प्रत्येकाने ते आधी पाहून घ्यावं.) यातल्या एकाही बाबतीत ‘खोटी’ हा शब्द कंपनीने लिहू नये. दुसऱ्या प्रकारातसुद्धा मी तो लिहिला नाही. ‘सदर क्रमांकाची गुणपत्रिका आमच्या नोंदीत नसल्याचे विद्यापीठाने अमुक तारखेच्या पत्राने कळवले आहे’ इतकंच लिहायचं. जे आपल्या हातात कागदावर आहे तेवढंच आपलं विधान.

आता पत्रं कशी असावीत ते सांगते. प्रत्यक्षात ती इंग्रजीत जातात, मजकूर मात्र हाच. पहिलं पत्र निर्णयाचं नसतं, विचारणेचं असतं:

‘आपण अर्जात नमूद केलेल्या अमुक कंपनीतील अमुक काळाच्या नोकरीची पुष्टी आम्हाला मिळू शकलेली नाही. आपले नाव कर्मचारी-नोंदीत नसल्याचे सदर कंपनीने कळवले आहे. पडताळणी अहवालातील संबंधित पान सोबत जोडले आहे. याबाबत आपले म्हणणे व उपलब्ध कागदपत्रे कामकाजाच्या सात दिवसांत पाठवावीत. तोपर्यंत आपली रुजू होण्याची तारीख पुढे ढकलत आहोत. ऑफरबाबत अंतिम निर्णय झालेला नाही.’

सात हा आकडा कायद्याचा नाही, माझ्या अनुभवाचा आहे. त्याहून कमी दिवसांत जुन्या कंत्राटदाराकडून कागद निघत नाही. संबंधित पान जोडणं मात्र सोडू नये. आरोप काय आहे हेच कळलं नाही तर माणूस उत्तर कशाचं देणार?

उत्तर आलं, तपासलं, तरीही समाधान झालं नाही, तर मग दुसरं पत्र:

‘अमुक तारखेच्या ऑफर लेटरमधील अमुक कलमानुसार ही ऑफर पडताळणी समाधानकारक होण्याच्या अटीवर दिली होती. आमच्या पत्राला आपण दिलेले उत्तर व कागदपत्रे आम्ही तपासली. उपलब्ध माहितीवरून अमुक काळातील नोकरीची पुष्टी होऊ शकली नाही. सदर अट पूर्ण न झाल्याने आम्ही ही ऑफर मागे घेत आहोत. हा निर्णय केवळ या ऑफरपुरता आहे.’

या पत्राचा सगळा भार त्या अटीवर आहे. ऑफर लेटरमध्ये ती अट नसेल, तर उमेदवाराने ऑफर स्वीकारल्यानंतर नुसता अहवाल पुढे करून हात झटकता येत नाहीत. तेव्हा आधी वकिलाला विचारावं. माणूस रुजू झाल्यावर अहवाल आला असेल तर हे पत्र चालतच नाही, कारण ती आता नोकरीवरून काढण्याची गोष्ट झाली. तिथे नेमणुकीच्या अटी, नोटीस आणि म्हणणं मांडण्याची संधी हे सगळं पाहावं लागतं.

आणखी एक पळवाट मी पाहिली आहे. वाद नको म्हणून काही कंपन्या ‘व्यावसायिक कारणांमुळे पद रद्द झाले’ असं लिहितात आणि पुढच्या आठवड्यात त्याच पदाची जाहिरात देतात. हे सौम्य वाटतं, पण ते खोटं आहे. उमेदवाराला आपल्या नोंदीतली चूक कळत नाही, आणि पुढच्या ठिकाणी तीच चूक पुन्हा आडवी येते. प्रकरण कोर्टात गेलं तर कंपनीचा खरा अहवाल आणि कंपनीचं पत्र एकमेकांविरुद्ध उभे राहतात.

कायद्याचं थोडं सांगते, कारण चौकटीत त्याचा उल्लेखच नाही. खोटी माहिती देऊन संमती मिळवली असेल तर करार रद्द करण्याचा अधिकार १८७२च्या करार कायद्याने दिला आहे, आणि कंपनीने तो जरूर वापरावा. पण एखाद्याने बनावट कागद दिले असं तिसऱ्याला कळवणं हा बदनामीचा विषय होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये त्यासाठी दोन वर्षांपर्यंतच्या साध्या कैदेची तरतूद आहे. आपल्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेल्या विधानाला त्यात सूट आहे, मात्र पुरेशी काळजी न घेता केलेल्या कृतीला कायदा सद्भावना मानत नाही. म्हणूनच कन्सल्टन्सीला गेलेली ती प्रत मला सर्वांत जास्त खुपते. तिला फक्त ‘ही ऑफर पुढे जात नाही’ एवढं कळवणं पुरेसं होतं. त्या प्रतीनंतर कन्सल्टन्सीने भाचीचा बायोडेटा दुसरीकडे पाठवणंच बंद केलं.

२०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही हेच सांगतो. ज्या माहितीवरून माणसाबद्दल निर्णय घ्यायचा ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असेल याची जबाबदारी माहिती वापरणाऱ्यावर आहे, आणि चूक दुरुस्त करून मागण्याचा हक्क त्या माणसाला आहे. हा कायदा टप्प्याटप्प्याने अमलात येतो आहे. अमेरिकेत तर नोकरी नाकारण्याआधी उमेदवाराला अहवालाची प्रत आणि त्याच्या हक्कांची माहिती द्यावीच लागते. हिंजवडी-खराडीत ज्यांच्या शाखा आहेत अशा अमेरिकी कंपन्या आपल्या देशात हे पाळतात. इथल्या मुलामुलींना तोच कागद दाखवायला त्यांना कोणी मनाई केलेली नाही.

खरं तर ही पत्रं लिहायची वेळच पुष्कळदा येऊ नये. चालू नोकरीची चौकशी राजीनाम्याआधी करता येत नाही, हे मान्य. पण शिक्षण आणि त्याआधीच्या नोकऱ्या तपासायला काय हरकत आहे? भाचीची अडलेली नोकरी आधीचीच होती. ती ऑफर दिल्याबरोबर तपासली असती, आणि निकाल येईपर्यंत ‘राजीनामा देऊ नका’ असं लेखी कळवलं असतं, तर तिची चांगली चालू नोकरी गेली नसती. आज ती कमी पगारावर दुसरीकडे काम करते आहे.

जाता जाता आणखी एक. ज्या अंकात बोगस प्रमाणपत्रांवर एवढा लेख आला, त्याच अंकाच्या छोट्या जाहिरातींत ‘अनुभव प्रमाणपत्र, पगार स्लिप, पीएफसह मिळेल’ अशी जाहिरात मोबाइल नंबरासकट छापली आहे. ही जाहिरात मी पूर्वीही पाहिली आहे. ती ताबडतोब थांबवावी. आणि त्या चौकटीतला सल्ला चुकीचा होता असा खुलासा, चौकट जिथे आली तिथेच, तेवढ्याच आकारात छापावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी, चिंचवड