सॅक घेण्याआधी पाठ मोजा, उंची नव्हे

वासोट्याच्या मुक्कामी ट्रेकसाठी नवी सॅक घेणाऱ्या सभासदांसाठी सूचना.

सॅकचा साइज उंचीवरून ठरवू नका. मान पुढे झुकवल्यावर मानेच्या तळाशी जे हाड सर्वांत जास्त वर येतं, तिथे टेपचं टोक धरायला कुणाला तरी सांगा. आपले हात कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर ठेवून अंगठे मागे वळवा. दोन्ही अंगठ्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत, पाठीच्या वळणाला धरून, टेप आणा. हे एकट्याने नीट जमत नाही.

आपल्यातल्या एका सभासदाची उंची १७८ सेंमी, पण पाठ फक्त ४४ सेंमी भरली. उंच म्हणून त्याने लार्ज घेतली होती. खांद्याचे पट्टे नीट बसवले की कमरेचा बेल्ट कमरेच्या हाडांच्या खाली घसरायचा आणि सगळं वजन खांद्यावर यायचं. त्याच्या कंपनीच्या तक्त्यात ४४ म्हणजे मीडियम. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, तो पाहूनच घ्या.

बेल्टसाठी पॅन्टचा नंबर चालत नाही, कारण पॅन्ट खाली बसते. टेप त्याच हाडांवरून गोल फिरवा. याच सभासदाची पॅन्ट ३२ ची, माप मात्र ३४ इंच आलं.

दुकानात सॅकमध्ये आठ-दहा किलो भरून बेल्ट आवळा. पुढे बेल्टच्या दोन्ही गाद्या एकमेकींना टेकत असतील तर बेल्ट मोठा आहे. गाद्या हाडाच्या पुढच्या टोकापर्यंतही पोचत नसतील तर लहान.

रविवारी सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी टेप घेऊन थांबतो. खरेदी त्यानंतरच करा.