पुराच्या नकाशातले लाल-हिरवे ठिपके

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पंचगंगा चढू लागली की आपल्या दैनिकात बंद रस्त्यांचा नकाशा येतो. बंद रस्त्यावर लाल ठिपका, चालू रस्त्यावर हिरवा, आणि फक्त मोठी वाहनं जातील तिथं नारिंगी. गेल्या पावसाळ्यात तो बघून मी भाच्याला म्हटलं, "शियेचा रस्ता चालू आहे, जा बिनधास्त." पोरगा पाण्यापर्यंत जाऊन गाडी वळवून आला. "मामा, पेपर वाचला होता की नुसता हातात धरला होता?"

ठिपका लाल होता. मला तो शेजारच्या हिरव्यासारखाच, वाळक्या शेणाच्या रंगाचा दिसला. तरुणपणी रेल्वेच्या मेडिकलला ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे ओळखता आले नाहीत, तेव्हा हा दोष कळला. नोकरी गेली आणि मी छपाईच्या धंद्यात पडलो. रंगांधळा माणूस आणि छापखाना, हसायला हरकत नाही. पण त्यामुळेच या विषयात चार गोष्टी शिकाव्या लागल्या.

मला जग काळं-पांढरं दिसत नाही. डोळ्यातल्या ज्या पेशी हिरव्याला जास्त प्रतिसाद देतात, त्यांचा प्रतिसाद माझ्यात लाल ओळखणाऱ्या पेशींच्या प्रतिसादाच्या फार जवळ सरकला आहे. दोघींचा निरोप जवळपास सारखाच येतो, म्हणून लाल, हिरवा, नारिंगी, तपकिरी यांची खिचडी होते. निळा आणि नारिंगी मात्र मला चटकन वेगळे दिसतात. बाईपेक्षा पुरुषात हा दोष कितीतरी जास्त आढळतो, आणि अनेकांना तो आपल्याला आहे हेच माहीत नसतं.

तेव्हा पहिली विनंती रंगाची. मासाताका ओकाबे आणि केई इतो या दोन जपानी शास्त्रज्ञांनी असा दोष असलेल्यांनाही वेगळे दिसतील असे आठ रंग निवडून ठेवले आहेत. त्यातला शेंदरी छपाईत मॅजेंटा ८०, यलो १०० असा बसतो आणि निळा सायन १००, मॅजेंटा ५० असा. आपल्या आर्टिस्टला एवढे आकडे पुरतील. पण पुराच्या नकाशात एक अडचण आहे: नदी आधीच निळी असते. चालू रस्त्याला निळा ठिपका दिला, तर तो राजाराम बंधाऱ्याजवळ पाण्यातच विरघळेल. म्हणून नदी फिकट राखाडी करावी.

खरं तर इथं रंगावर भिस्त ठेवूच नये. बंद रस्त्याला शेंदरी फुली, चालू रस्त्याला पोकळ काळं वर्तुळ, आणि मोठ्या वाहनांपुरत्या रस्त्याला अर्धा भरलेला त्रिकोण. आकार निदान तीन मिलिमीटर तरी हवा. न्यूजप्रिंटवर शाई पसरते. त्याहून बारीक चौकोन आणि गोल दोन्ही मुगाएवढे डाग होतात. पट्ट्यांचा भराव देणार असाल तर पट्ट्या सुट्या ठेवा, दाट रेषा छापताना एकमेकींत मिसळतात. पिवळी बारीक रेघ तर या कागदावर धड डोळ्यांच्या माणसालाही दिसत नाही.

पाणीपातळीच्या आलेखालाही हेच लागू. त्यात २०१९, २०२१ आणि यंदा अशा तीन रंगीत रेघा असतात, आणि कुठली कुणाची ते खाली छोट्या चौकटीत. मी चौकटीतला रंग आणि वरची रेघ यांची जोडी लावत बसतो, तोवर चहा निवतो. यंदाची रेघ जाड व अखंड, २०१९ ची तुटक, २०२१ ची ठिपक्यांची करा, आणि प्रत्येकीच्या टोकाला साल लिहा. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे शब्द आडव्या रेघेवरच छापा. मग चौकट लागतच नाही.

तपासायला पान छापायला जाण्याआधी त्याची काळी-पांढरी झेरॉक्स काढावी. फुली आणि वर्तुळ त्यात कळले तर नकाशा पास. मात्र ही चाचणी जरा कडक आहे: वर सांगितलेले शेंदरी आणि निळा झेरॉक्समध्ये जवळपास सारखेच करडे येतात, पण मला ते वेगळे दिसतात. रंगांचीच परीक्षा घ्यायची तर अँड्रॉइड फोनच्या डेव्हलपर पर्यायांत `Simulate color space` मध्ये `Deuteranomaly` निवडा आणि कॅमेरा छापील पानावर धरा. माझ्या डोळ्यांनी साधारण काय दिसतं ते फोनवर दिसेल. संगणकाच्या पडद्यावर बघून समाधान मानू नका, कारण शाई आणि कागद दोन्ही रंग बदलतात.

जूनच्या आत नकाशाचा साचा एकदा बदलून ठेवता आला तर बरं. ऐन पुरात रात्री अकराला पान लावताना कुणाला वेळ असतो! जुन्या अंकाचं कात्रण सोबत जोडलं आहे. भाच्याने त्यावर पेनानं फुल्या मारून दिल्या आहेत.

आपला,
एक वाचक व मुद्रक
कसबा बावडा, कोल्हापूर