चोवीस प्रकरणांची सेहेचाळीस झाली! वाचनालयाच्या ई-पुस्तकांसाठी माणसं हवीत

नमस्कार. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या छोट्या वाचनालयाकडे सध्या नऊ हस्तलिखितं जमा आहेत. छापायची कोणाची ऐपत नाही, पण लेखकांनी किंवा त्यांच्या वारसांनी लेखी परवानगी दिली आहे. म्हणून त्यांची ईपब, म्हणजे मोबाइलवर वाचता येणारी ई-पुस्तकं करून वाचकांना फुकट द्यायची असं कार्यकारिणीनं ठरवलं. त्यासाठी तुमचा वेळ हवा आहे, थोडं सामान हवं आहे आणि थोडे पैसेही. कशाला, ते पहिल्या पुस्तकाची फजिती सांगितली की कळेल.

एम्प्रेस मिलमध्ये नोकरी केलेल्या एका आजोबांच्या या आठवणी. चोवीस प्रकरणं, सगळी एकाच वर्ड फाइलमध्ये. टायपिंग बाहेरून करून घेतलेलं. पडद्यावर फाइल देखणी दिसत होती. प्रत्येक प्रकरणाचं नाव ठळक आणि मोठ्या अक्षरात, संपल्यावर पंधरा-वीस वेळा एंटर मारून पुढचं प्रकरण नव्या पानावर ढकललेलं, आणि सुरुवातीला टिंबटिंब देऊन पानांच्या आकड्यांसह अनुक्रमणिका. कागदावर छापायला यात काहीच चूक नव्हती. पण ईपबला पान नसतं. मोबाइलवर अक्षर मोठं केलं की पान बदलतं, त्यामुळे ‘पृष्ठ ८३’ला तिथे काही अर्थ उरत नाही. आणि ठळक अक्षर म्हणजे प्रकरणाचं नाव, हे माणसाला कळतं, संगणकाला नाही. त्याला ‘हे शीर्षक आहे’ असं वेगळं सांगावं लागतं.

ते सांगणं तसं सोपं आहे. लिबरऑफिस या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवून `Ctrl+1` दाबलं की त्या ओळीला `Heading 1` ही शैली लागते. टाइप केलेली अनुक्रमणिका पुसायची (आधी तिची एक प्रत कागदावर काढून ठेवा, पुढे लागते), फाइल `docx` म्हणून सेव्ह करायची आणि पॅनडॉक नावाच्या मोफत प्रोग्रॅमला ही एक आज्ञा द्यायची:

```
pandoc athvani.docx -o athvani.epub --toc --toc-depth=1 --metadata lang=mr --metadata title="आठवणी"
```

पॅनडॉक प्रत्येक `Heading 1`पाशी पुस्तक तोडतं आणि त्या प्रकरणाची स्वतंत्र फाइल करतं. वाचनाचं ॲप नवी फाइल नव्या पानावर सुरू करतं, म्हणून एंटरची रांग लागतच नाही. त्याच शीर्षकांवरून अनुक्रमणिकाही तयार होते. ईपबच्या आत डोकावलं तर तिची एक नोंद साधारण अशी दिसते:

```
<li><a href="text/ch007.xhtml">७. मिलचा भोंगा</a></li>
```

ॲपच्या मेन्यूत दिसणारी यादी याच नोंदींतून येते. `--toc` लिहिलं की तीच यादी पुस्तकाच्या सुरुवातीला पान म्हणूनही येते आणि नावावर बोट ठेवलं की थेट प्रकरण उघडतं.

आता फजिती. आमच्या दोघा सदस्यांनी एका संध्याकाळी उत्साहानं सगळ्या शीर्षकांना शैली लावली, आज्ञा दिली, आणि अनुक्रमणिकेत सेहेचाळीस नोंदी आल्या. फाइलमध्ये ‘प्रकरण ५’ ही एक ओळ होती आणि प्रकरणाचं नाव तिच्याखाली दुसऱ्या ओळीत. दोन्हींना `Heading 1` लागली, म्हणून एकाची दोन प्रकरणं झाली. मोबाइलवर एक अख्खं पान फक्त ‘प्रकरण ५’ एवढंच दाखवायचं. त्यावर उपाय सापडला: आकडा आणि नाव एकाच ओळीत आणायचं.

पण चोवीसची दुप्पट अठ्ठेचाळीस. दोन नोंदी कुठे गेल्या? सातव्या प्रकरणाचं शीर्षक टायपिंग करणाऱ्यानं बाकीच्यांपेक्षा लहान अक्षरात घेतलं होतं, ते नजरेतून सुटलं. त्यामुळे ‘मिलचा भोंगा’ हे प्रकरण सहाव्याच्या शेपटीला चिकटून बसलं. कागदावरची जुनी अनुक्रमणिका शेजारी ठेवून एकेक नाव ताडलं तेव्हा ते सापडलं. ईपब तपासायला ईपबचेक नावाचं मोफत साधन आहे. त्यानं या फाइलला एकही चूक दाखवली नव्हती, आणि त्याचंही बरोबरच होतं. दुवा तुटला, फाइल हरवली, खूण अर्धवट राहिली, तर ते पकडतं. सातवं प्रकरण सहाव्यात शिरलंय हे त्याला कुठून कळणार?

अकराव्या प्रकरणात वेगळीच गोष्ट झाली. त्यात आजोबांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. पॅनडॉक रिकामे परिच्छेद आपणहून गाळतं. प्रकरणाच्या शेवटच्या एंटरच्या रांगा गेल्या तेव्हा आम्हाला बरंच वाटलं होतं. पण दोन ओव्यांमधली रिकामी ओळही तशीच गेली आणि सगळ्या ओव्या एकात एक मिसळल्या. कुठली कुठे संपते ते कळेना. आता नियम असा केला आहे: ओवीच्या आत नवी ओळ `Shift+Enter`नं, आणि ओवी संपली की साधं एंटर. मग एक ओवी म्हणजे एक परिच्छेद होतो आणि दोन ओव्या वेगळ्या राहतात. गद्यात लेखकानं प्रसंग बदलताना मुद्दाम रिकामी ओळ सोडली असेल, तर तिथे मध्यभागी तीन फुल्या टाकायच्या. मात्र कुठली रिकामी ओळ लेखकाची आणि कुठली टायपिंगवाल्याची, हे वाचूनच ठरवावं लागतं. वेळ खातं ते हेच काम, आणि त्यासाठीच माणसं हवीत.

संगणकातलं फार येत नसलं तरी चालेल. मराठी वाचणारे डोळे हवेत. एकानं हस्तलिखित घेऊन प्रकरणं मोजायची, शीर्षकं आणि रिकाम्या ओळींवर पेन्सिलनं खुणा करायच्या; दुसऱ्यानं त्या फाइलमध्ये उतरवायच्या; आणि तिसऱ्यानं, ज्यानं आधीचं काहीच पाहिलेलं नाही, तयार ईपब आपल्या मोबाइलवर उघडून अनुक्रमणिकेतल्या प्रत्येक नावावर बोट ठेवून पाहायचं. तिसरा माणूस नवाच लागतो. आपली चूक आपल्याला दिसत नाही, हे आम्ही सेहेचाळीसवेळा शिकलो.

नऊपैकी तीन हस्तलिखितं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. ती युनिकोडमध्ये बदलताना जोडाक्षरं बिघडतात. ‘वऱ्हाड’चंच पाहा: काही ठिकाणी ‘वर्हाड’ होऊन येतं आणि मग शोधलं तर सापडत नाही. शीर्षकात अशी चूक राहिली तर अनुक्रमणिकेतही तीच येते. म्हणून शुद्धलेखन जाणणारे निवृत्त शिक्षक असतील तर त्यांना खास आग्रह. आणखी दोन हस्तलिखितं चक्क वहीत आहेत, ती टाइप करून घ्यावी लागतील.

प्रोग्रॅम सगळे मोफत आहेत, त्यामुळे पैसे लागतील ते फक्त या दोन वह्यांच्या टायपिंगला. तुम्ही एका प्रकरणाचा खर्च उचललात तरी पुष्कळ. रोख द्या किंवा चेक, पावती लगेच मिळेल, आणि हिशेब सूचनाफलकावर लागेल. घरी चालू स्थितीतला जुना लॅपटॉप पडून असेल तर तो हवा आहे. जुने मोबाइल आणि टॅबलेटही द्या, पडदा फुटका असला तरी हरकत नाही. नव्या फोनवर नीट दिसणारी अनुक्रमणिका जुन्या ॲपवर कधी कधी उघडतच नाही, आणि आपले बरेच वाचक जुनेच फोन वापरतात.

दर रविवारी सकाळी आठ ते अकरा वाचनालयात बसतो. मे महिन्यात सात ते दहा, कारण आमच्याकडे कूलर एकच आहे आणि तो पुस्तकांच्या खोलीत आहे. येताना चश्मा आणि मोबाइलचा चार्जर आणा. तर्री-पोहे आमच्याकडून. या रविवारी ‘मिलचा भोंगा’पासूनच सुरुवात आहे.

— कार्यकारिणीच्या वतीनं, ग्रंथपाल