काठीला दार कळत नाही

मा. रेल्वेमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

मी जन्मांध आहे. महिन्यातून दोनदा कोकणातल्या एका मोठ्या स्टेशनवरून मुंबईची गाडी पकडते. स्टेशनचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांनी मला आजवर सांभाळलंय, माझ्या पत्रामुळे त्यांना मेमो मिळायला नकोत.

आषाढातली गोष्ट. पत्र्यावर पाऊस कोसळत होता. गाडी दोन नंबरवर म्हणून मी पूल ओलांडून तिथे उभी. आमच्याकडचा मार्ग बहुतांश एकेरी. क्रॉसिंग पडलं की आयत्या वेळी फलाट बदलतो. तशी घोषणा झालीही, पण पाऊस आणि शेजारून जाणारी मालगाडी यांत ती विरून गेली. आजूबाजूच्या बॅगा धावायला लागल्या, तेव्हा मला कळलं.

एक पॉइंट्समन आला आणि "ताई, चला लवकर" म्हणत त्याने माझी काठीच धरून ओढली. म्हटलं, "दादा, काठी सोडा, तुमचं कोपर धरू द्या." मग तो अर्धं पाऊल पुढे, मी मागे. त्याचं कोपर खाली गेलं की मला जिन्याची पायरी कळे. एवढं एकदा सांगितलं की पुरतं, पण दर वेळी मलाच सांगावं लागतं.

एक नंबरवर गाडी लागली होती. त्याला सिग्नलकडे पळावं लागलं, आणि खरी पंचाईत तिथे झाली. दिव्यांगांचा डबा बहुधा टोकाला असतो, पण इंजिनाकडच्या की मागच्या, ते गाडीगणिक बदलतं. डोळसांसाठी वर डब्यांचे नंबर दिव्यांनी दिसतात. कर्ण्यावर तो क्रम कुणी वाचत नाही. बावीस डब्यांची गाडी पाचशे मीटरच्या वर जाते. चुकीच्या टोकाला उभं राहिलं तर संपलंच.

मी डब्याच्या पत्र्यावर काठी टेकत चालले. टक, टक, आणि काठी रिकामी गेली. दार आलं असं वाटून मी पाय उचलला. दार असतं तर काठी पायरीला किंवा डब्याच्या जमिनीला लागली असती, बाजूला हाताला दांडा आला असता. इथे खाली काहीच लागेना. ती दोन डब्यांमधली फट होती. दारं डब्यांच्या टोकांनाच असतात, त्यामुळे दार आणि फट यांत जेमतेम दोन पावलांचं अंतर. एका मच्छीवाल्या मावशीने "गो, थांब!" म्हणून माझा पदर खेचला.

साहेब, डब्यांचा क्रम यंत्रात आधीच असतो, म्हणून तर तो दिव्यांवर दिसतो. गाडी येण्याआधी तोच दोनदा वाचून दाखवा: "दिव्यांग डबा इंजिनापासून पहिला" किंवा "सर्वात शेवटी". फलाट बदलला तर घोषणा मालगाडी निघून गेल्यावर पुन्हा करा. आणि कोपर कसं द्यायचं, ते स्टेशनवरच्या प्रत्येकाला एकदा करून दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे. बोलावलंत तर मी येऊन दाखवीन, फक्त कुठल्या फलाटावर यायचं ते ऐकू येईल असं सांगा.

आपली,
एक नेहमीची प्रवासी